संशोधन प्रस्तावाचे नैतिकता समितीच्या अर्जात रूपांतर : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : नैतिकता समिती, माहितीपूर्ण संमती, धोका, असुरक्षित गट, ऊसतोड महिला कामगार

प्रस्तावना :

महाविद्यालयीन स्तरावर सामाजिक शास्त्रांमध्ये जे संशोधन होते, त्याचा प्रस्ताव प्रामुख्याने विषयतज्ज्ञांच्या समितीसाठी लिहिला जातो. विषयाचे नावीन्य, उद्दिष्टांची सुस्पष्टता, गृहीतकांची मांडणी आणि संशोधन पद्धतीची योग्यता ही या समितीची परीक्षेची अंगे असतात. संशोधनाचा विषय मानवी आरोग्याशी संबंधित असेल, तर मात्र हा प्रस्ताव आणखी एका वाचकासमोर जातो. तो वाचक म्हणजे संस्थात्मक नैतिकता समिती होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 मध्ये मानवी सहभाग असलेल्या जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनासाठी राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांना अनुसरून 2019 मध्ये देशभरातील समित्यांना वापरता येतील असे सामाईक अर्ज तयार करण्यात आले. त्याच वर्षीच्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार अशा समित्यांची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आवश्यक ठरली. परिणामी समाजशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, मानसशास्त्र या विषयांतील संशोधकांनाही हा अर्ज भरावा लागू लागला.

प्रस्ताव या अर्जात बसविणे हे सर्वसाधारणपणे लिपिकी काम समजले जाते. प्रस्तावातील परिच्छेद अर्जाच्या रकान्यांत उतरविले जातात आणि उरलेल्या रकान्यांत ठरावीक वाक्ये लिहिली जातात. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करण्यात आली आहे. प्रस्तावात जो निर्णय संशोधकाने घेतलेलाच नसतो, तो अर्जातील सहभागी व्यक्तीविषयीचा विभाग त्याला घ्यावयास लावतो. त्यामुळे रूपांतर नीट झाले तर संशोधनाचा आराखडाच बदलतो. आराखड्यात काहीच बदलले नसेल, तर रूपांतर झालेलेच नाही असे समजावयास हरकत नाही. हे विधान तपासण्यासाठी एक नमुनादाखल प्रस्ताव घेऊन त्यातील केवळ एका वाक्याचा मागोवा येथे घेतला आहे.

प्रस्तावाचा आराखडा व अर्जाचा आराखडा :

विद्यापीठीय प्रस्तावाचा क्रम परिचित आहे. प्रस्तावना, संशोधन समस्या, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, नमुना निवड, व्याप्ती व मर्यादा आणि प्रकरणयोजना अशी ही मांडणी असते. सामाईक अर्जाचे पाच विभाग आहेत. पहिल्या विभागात संशोधक, संस्था व निधी यांची माहिती येते. दुसऱ्या विभागात संशोधनाचे स्वरूप व पद्धती, तर तिसऱ्या विभागात सहभागी व्यक्तींची निवड, लाभ व धोके, संमती, मोबदला व भरपाई, माहितीचा साठा व गोपनीयता यांचा समावेश होतो. चौथ्या विभागात प्रकाशन व लाभाची वाटणी आणि पाचव्यात प्रतिज्ञापत्र व जोडपत्रांची यादी असते.

हे दोन्ही आराखडे शेजारी ठेवून पाहिले असता तीन बाबी लक्षात येतात. प्रस्तावातील काही भागाला अर्जात जागाच नाही. प्रकरणयोजना अर्जात कोठेही विचारलेली नाही. काही भाग आकुंचन पावतो. पूर्वसंशोधनाचा दहा-बारा पानांचा आढावा अर्जात काही ओळींच्या पार्श्वभूमीपुरता उरतो, आणि संपूर्ण प्रकल्पाचा सारांश सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत 300 शब्दांत द्यावा लागतो. समितीवर विषयतज्ज्ञ नसलेले सर्वसामान्य सदस्यही असल्यामुळे हा सारांश औपचारिक नसतो. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. अर्जातील तिसऱ्या विभागाला प्रस्तावात जवळजवळ कोणताही आधार नसतो. त्यातील उत्तरे प्रस्तावातून उचलता येत नाहीत, ती नव्याने शोधावी लागतात.

प्रत्यक्षात अर्ज पहिल्या विभागापासून भरावयास सुरुवात होते. ओळखीचे रकाने भराभर भरले जातात आणि तिसऱ्या विभागापर्यंत येईतो आराखडा मनात पक्का झालेला असतो. मग तेथे ‘सहभागींना कोणताही धोका नाही’, ‘सर्वांची लेखी संमती घेण्यात येईल’, ‘माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवण्यात येईल’ अशी वाक्ये येतात. तिसरा विभाग आधी भरून त्याच्या प्रकाशात संशोधन पद्धती पुन्हा लिहिणे हा क्रम अधिक योग्य ठरतो. तो का, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

नमुनादाखल प्रस्ताव :

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो कामगार ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ अशी गणना होते. मुकादम प्रत्येक कोयत्याला हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि ती तोडणीच्या मजुरीतून फेडली जाते. कामावर गैरहजर राहिल्यास ‘खाडा’ धरून रक्कम कापली जाते. या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे 2019 मध्ये प्रकाशात आले आणि राज्य शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. या पार्श्वभूमीवर ‘ऊसतोड महिला कामगारांमधील गर्भाशय शस्त्रक्रिया व कामाचे स्वरूप यांचा समाजशास्त्रीय अभ्यास’ असा प्रस्ताव तयार झाला आहे, असे मानू. त्यातील नमुना निवडीचे वाक्य पुढीलप्रमाणे आहे :

‘हंगामाच्या काळात साखर कारखाना परिसरातील टोळ्यांवर जाऊन मुकादमांच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झालेल्या 60 महिलांची सहेतुक नमुना पद्धतीने निवड करण्यात येईल व मुलाखत अनुसूचीद्वारे माहिती संकलित करण्यात येईल.’

विषयतज्ज्ञांच्या समितीत या वाक्यावर फारशी चर्चा होणार नाही. नमुना पद्धतीचे नाव आहे, संख्या आहे, साधन आहे. टोळीवर प्रवेश मुकादमामार्फतच मिळतो, ही क्षेत्रकार्याची व्यावहारिक बाजूही त्यात आलेली आहे. अर्जाच्या तिसऱ्या विभागात मात्र हेच वाक्य निवड, असुरक्षितता, धोका, संमती व गोपनीयता अशा पाच प्रश्नांत विभागले जाते आणि प्रत्येक ठिकाणी ते अपुरे पडते.

निवड आणि असुरक्षितता :

सहभागींना कोण, कोठे व कसे गाठणार आणि त्यांत असुरक्षित गटातील व्यक्ती आहेत काय, असे अर्ज विचारतो. 2017 च्या तत्त्वांनुसार असुरक्षितता केवळ वयावर किंवा आजारावर ठरत नाही. आर्थिक व सामाजिक दुर्बलता, तसेच एखाद्या उतरंडीत खालच्या स्थानी असल्यामुळे नकार देण्याचे स्वातंत्र्य मर्यादित असणे हीसुद्धा असुरक्षितताच आहे. उचल घेतलेली ऊसतोड महिला या दोन्ही अर्थांनी असुरक्षित ठरते.

मुकादमाने ‘या बाईंना माहिती द्या’ असे सांगितले, तर तो शब्द तिच्या दृष्टीने विनंती राहत नाही. ज्याच्याकडे तिच्या कुटुंबाचे कर्ज आहे आणि पुढील वर्षीची उचलही ज्याच्याकडून मिळावयाची आहे, त्याच्या तोंडून ती आज्ञाच ठरते. शिवाय कोणाची शस्त्रक्रिया झाली आहे हे मुकादमाला विचारणे म्हणजे तिची वैद्यकीय माहिती तिच्या संमतीपूर्वीच दुसऱ्याकडून घेणे होय. कोणत्या स्त्रियांनी मुलाखत दिली हेही त्याला आपोआप कळते. मुलाखतीत खाडा, दुखण्यातही करावे लागणारे काम आणि फडावरील वागणूक यांविषयी प्रश्न असताना ही बाब गौण मानता येत नाही.

येथे आराखड्यात पहिला बदल घडतो. मुलाखती हंगामात फडावर न घेता हंगाम संपल्यावर, मे ते सप्टेंबर या काळात मूळ गावी घ्यावयाचे ठरते. गावात महिलांची खुली बैठक घेऊन विषय सांगितला जातो आणि इच्छुक स्त्रीने नंतर स्वतंत्रपणे संपर्क साधावा अशी व्यवस्था केली जाते. बैठकीत कोणाचीही शस्त्रक्रिया झाली आहे काय, असे विचारले जात नाही. आशा कार्यकर्तीची मदत घ्यावयाची झाल्यास ती बैठकीची वेळ कळविण्यापुरती असते. तिच्याकडून नावांची यादी मागितल्यास मुकादमाची अडचण वेगळ्या रूपात पुन्हा उभी राहते.

या बदलाची किंमतही आहे. फडावरील कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण आता मिळणार नाही, आणि हंगामातील अनुभव काही महिन्यांनंतर आठवणीतून सांगितले जातील. स्वतःहून पुढे येणाऱ्या स्त्रिया तुलनेने धीट असण्याचा संभव असल्याने नमुन्याचे स्वरूपही बदलेल. ही मर्यादा अर्जाच्या दुसऱ्या विभागात स्पष्टपणे नोंदवावी लागते, तसेच ‘कामाच्या स्थितीचे निरीक्षण करणे’ असे एखादे उद्दिष्ट असल्यास ते वगळावे किंवा बदलावे लागते. निवडीच्या रकान्यातील उत्तर अशा रीतीने उद्दिष्टांपर्यंत मागे जाऊन पोहोचते.

धोक्याची मांडणी :

सामाजिक शास्त्रांतील संशोधक ‘धोका’ हा शब्द औषधाच्या दुष्परिणामाशी जोडतात. मुलाखतीत सुई टोचली जात नाही, म्हणून धोका नाही असा निष्कर्ष काढला जातो. मार्गदर्शक तत्त्वांनी धोक्याच्या चार पातळ्या मानल्या आहेत : किमान धोक्यापेक्षा कमी, किमान धोका, किमान धोक्यापेक्षा किंचित अधिक आणि किमान धोक्यापेक्षा अधिक. दैनंदिन जीवनात सामान्य माणसाला जेवढी हानी संभवते त्याहून अधिक हानी नसणे, हा किमान धोक्याचा निकष आहे. सार्वजनिक रीत्या उपलब्ध असलेल्या, ओळख काढून टाकलेल्या माहितीचे विश्लेषण पहिल्या पातळीत मोडते. नित्याच्या सवयींविषयीची साधी प्रश्नावली बहुधा दुसऱ्या पातळीत बसते. प्रस्तुत उदाहरणातील मुलाखत मात्र त्या पातळीत बसविणे कठीण आहे. त्यातच सहभागी असुरक्षित गटातील असल्यामुळे प्रस्ताव शीघ्र पुनरवलोकनासाठी न पाठविता पूर्ण समितीच्या बैठकीत जाणे अपेक्षित असते. ‘किमान धोका’ या रकान्यावर खूण केल्याने मंजुरी लवकर मिळेल ही अपेक्षा बहुधा फोल ठरते, कारण जोडलेली मुलाखत अनुसूची वाचताच समिती तो वर्ग बदलते आणि अर्ज परत येतो.

धोके लिहिताना ते शारीरिक, मानसिक, सामाजिक, आर्थिक व कायदेशीर असे वेगळे करावेत आणि प्रत्येकाबाबत चार गोष्टी सांगाव्यात. तो कसा उद्भवू शकतो, तो टाळण्यासाठी काय केले आहे, तो उद्भवल्याचे कशावरून ओळखता येईल आणि मग काय केले जाईल. यांपैकी तिसरी गोष्ट बहुतेक अर्जांत आढळत नाही. तिच्याअभावी उपाययोजना कागदावरच राहते, कारण ती केव्हा सुरू करावयाची हेच ठरलेले नसते.

मानसिक धोक्याचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेची हकिगत सांगताना स्त्रीला रडू येणे, तिचे बोलणे तुटणे किंवा तिने दीर्घकाळ गप्प होणे ही लक्षणे आहेत. अशा वेळी मुलाखतकाराने प्रश्न थांबवावेत, ध्वनिमुद्रण बंद करावे आणि पुढे बोलावयाचे, दुसऱ्या दिवशी बोलावयाचे की येथेच संपवावयाचे हे तिला विचारावे. मदत हवी असल्यास कोठे पाठवायचे हे आधीच ठरलेले असावे. जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोग विभाग, हिंसाचाराची तक्रार असल्यास जिल्ह्यातील ‘सखी’ केंद्र व 181 हा महिला मदत क्रमांक यांचा उल्लेख अर्जात असावा. ‘गरज भासल्यास समुपदेशन उपलब्ध करून दिले जाईल’ एवढे लिहिले असता ते कोण करणार आणि कोठे, हा प्रश्न समितीकडून हमखास येतो. ज्या संस्थेकडे पाठवायचे तिचे संमतिपत्र जोडलेले असल्यास हा प्रश्न उरत नाही.

सामाजिक धोक्याची लक्षणे अधिक सूक्ष्म असतात. पतीने किंवा मुकादमाने संशोधकाला फोन करून ‘काय काय विचारले’ अशी चौकशी करणे, किंवा ठरलेल्या दुसऱ्या भेटीला स्त्रीने येण्याचे टाळणे, ही सूचक चिन्हे होत. त्यावर काय करावयाचे हे ठरविलेले नसेल, तर क्षेत्रकार्यकर्ता भिडेखातर काहीतरी सांगून बसतो. म्हणून बाहेरच्या व्यक्तीला द्यावयाचे एकच उत्तर सर्व मुलाखतकारांना आधी शिकवावे लागते. ते उत्तर अभ्यासाचा सर्वसाधारण विषय सांगते, पण कोण सहभागी आहे किंवा नाही याविषयी मौन राखते. पुन्हा भेट टाळणाऱ्या स्त्रीच्या घरी जाऊन तिची विचारपूस करणे हा सद्भावनेचा वाटणारा उपाय तिला अधिकच उघडे पाडतो. म्हणून तो मुद्दाम वर्ज्य ठरवावा लागतो.

गोपनीयतेचे वचन व त्याची मर्यादा :

‘माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवण्यात येईल’ हे वाक्य सर्वाधिक वापरले जाते आणि सर्वांत कमी तपासले जाते. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण ओळख पटण्याची आहे. नाव काढून टाकल्याने ओळख पुसली जाते असे गृहीत धरले जाते. परंतु एखाद्या लहान गावात ‘वय 29, दोन मुली, शस्त्रक्रिया अमुक वर्षी, तालुक्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात’ असे वर्णन छापले, तर ती स्त्री कोण हे गावाला ओळखता येते. म्हणून गाव, कारखाना व दवाखाना यांची नावे गाळावीत, वय गटात द्यावे आणि शस्त्रक्रियेचे नेमके वर्ष न देता कालखंड द्यावा, असे अर्जात सांगावे लागते. सांकेतिक क्रमांक व नावे यांना जोडणारी यादी मुलाखतींपासून वेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद कोणाकडे राहील व केव्हा नष्ट होईल, हेही लिहावे लागते.

दुसरी अडचण कायद्याची आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 च्या कलम 19 नुसार बालकावर लैंगिक अपराध झाल्याची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. तसे न करणे हा कलम 21 खाली अपराध ठरतो. टोळीबरोबर कुटुंबातील मुलीही जातात. मुलाखतीच्या ओघात एखाद्या अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराचा उल्लेख झाला, तर संशोधकाने दिलेले संपूर्ण गोपनीयतेचे वचन त्याला पाळता येणार नाही. जे वचन पाळता येत नाही ते संमतीपूर्वी देणे ही सहभागी स्त्रीची दिशाभूल होय. म्हणून माहितीपत्रकातच ही मर्यादा साध्या शब्दांत सांगणे भाग आहे. असे सांगितल्याने काही स्त्रिया कमी बोलतील हे खरे आहे. परंतु काय बोलावे व काय बोलू नये हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे तिच्याकडे राहतो.

संमती : कागद आणि प्रक्रिया :

अर्जासोबत दोन कागद जोडावे लागतात. पहिला माहितीपत्रक, दुसरा संमतीपत्र. प्रस्तावातील भाषा येथे सर्वाधिक बदलावी लागते. ‘आपल्या स्त्रीरोगविषयक पूर्वेतिहासासंबंधी व शस्त्रक्रियोत्तर कार्यक्षमतेसंबंधी माहिती संकलित करण्यात येईल’ हे वाक्य मराठीत असले तरी संबंधित स्त्रीच्या मराठीत नाही. त्याचे रूपांतर पुढीलप्रमाणे होऊ शकते : ‘तुमची पिशवी काढली, ती का काढायला लागली, कोणी सांगितलं, त्याच्या आधी आणि नंतर तोडीचं काम कसं झालं, हे आम्ही विचारणार आहोत. याला साधारण एक तास लागेल. काही प्रश्न तुम्हाला नकोसे वाटतील. त्याचं उत्तर दिलं नाही तरी चालेल. मधूनच उठून गेलात तरी चालेल. तुम्ही काय सांगितलं ते मुकादमाला, कारखान्याला, घरच्यांना आम्ही सांगणार नाही. पण अठरा वर्षांखालच्या पोरीवर कोणी अत्याचार केल्याचं आम्हाला कळलं, तर कायद्यानं ते पोलिसांना कळवावं लागतं.’ वैद्यकीय संज्ञा टाळून ‘पिशवी काढणे’ हा रूढ शब्दप्रयोग वापरल्याने माहितीची अचूकता कमी होत नाही, उलट प्रश्नाचा अर्थ निश्चित होतो.

यापुढील प्रश्न सहीचा आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीच्या बाबतीत अंगठ्याचा ठसा व निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यावी, अशी तरतूद आहे. साक्षीदार संशोधन गटातील नसावा हे उघड आहे. येथे तो मुकादम, टोळीतील सहकारी किंवा पतीही असू शकत नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाच्याही उपस्थितीत संमती मुक्त राहत नाही. गावातील निवृत्त शिक्षिका किंवा बचत गटाची दुसऱ्या वस्तीतील पदाधिकारी यांचा विचार करता येतो. मात्र साक्षीदाराने माहितीपत्रक वाचून दाखविणे व संमती देणे एवढ्यालाच उपस्थित राहावे, मुलाखतीला थांबू नये.

या रकान्यात आणखी एक विरोधाभास आहे. उचल घेताना या कुटुंबांनी अनेकदा कागदावर सही किंवा अंगठा दिलेला असतो. अंगठा म्हणजे बांधून घेणे हा त्यांचा अनुभव आहे. सहभागीच्या संरक्षणासाठी निर्माण झालेला संमतीचा कागद तिला दुसऱ्या एका कर्जासारखा वाटू शकतो. शिवाय हा कागद अभ्यासाशी तिचे नाव जोडणारा दस्तऐवज असतो. अशा स्थितीत तोंडी संमतीची मुभा मागता येते. मार्गदर्शक तत्त्वांनी निःपक्ष साक्षीदाराच्या उपस्थितीत तोंडी संमती मान्य केली असून साक्षीदाराने त्यावर सही व दिनांक घालावा, असे म्हटले आहे. ही मुभा गृहीत धरता येत नाही. अर्जात कारणांसह ती मागावी लागते आणि तोंडी वाचावयाचा मजकूर शब्दशः जोडावा लागतो.

संमती ही एका क्षणाची कृती न राहता प्रक्रिया व्हावी, यासाठी तीन गोष्टी आराखड्यात घालता येतात. माहितीपत्रक मुलाखतीच्या किमान एक दिवस आधी वाचून दाखवावे. मुलाखत, ध्वनिमुद्रण आणि तिचे शब्द लेखात उद्धृत करणे यांना स्वतंत्र संमती घ्यावी, म्हणजे एकाला होकार व दुसऱ्याला नकार देता येतो. तसेच तिला कितपत समजले हे ‘समजलं ना?’ असे विचारून तपासू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘उद्या तुम्ही नको म्हणालात तर काय होईल?’ असे विचारल्यास खरे आकलन कळते. ‘मुकादमाला सांगाल’ किंवा ‘सरकारी योजनेतून नाव जाईल’ असे उत्तर आले, तर संमती झालेली नाही असे समजून पुन्हा सांगावे लागते. माघारीचा अधिकार कोठपर्यंत आहे हेही ठरवून सांगावे. जोडणारी यादी नष्ट झाल्यावर एखादी मुलाखत शोधून काढता येत नाही, म्हणून माघारीची अंतिम तारीख त्याआधीची असावी.

मोबदल्याचा रकाना याच्याशी निगडित आहे. अर्ध्या दिवसाची शेतमजुरी बुडाली तर तेवढी भरपाई देणे न्याय्य आहे. ती इतकी मोठी नसावी की केवळ पैशासाठी स्त्री नको असलेले प्रश्न सहन करील. मुलाखत अर्धवट सोडली तरी ती पूर्ण द्यावी. पूर्ण मुलाखतीची अट घातल्यास ‘मधूनच उठून गेलात तरी चालेल’ या वाक्याला अर्थ राहत नाही.

अर्जाच्या मर्यादा :

येथपर्यंतच्या विवेचनावरून अर्ज निर्दोष आहे असा निष्कर्ष निघत नाही. त्याची जडणघडण वैद्यकीय चाचण्यांच्या मुशीत झालेली असल्याने प्रायोजक, विमा, संशोधनजन्य इजा अशा अनेक रकान्यांना समाजशास्त्रीय मुलाखतीत ‘लागू नाही’ एवढेच उत्तर असते. अनेक ‘लागू नाही’ लिहून झाल्यावर धोक्याच्या रकान्यातही तसेच लिहिण्याचा मोह होतो. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी स्वतंत्र नैतिक तत्त्वे 2000 मध्येच तयार झाली होती, हे या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. 2017 च्या तत्त्वांतही सामाजिक व वर्तनशास्त्रीय आरोग्य संशोधनासाठी स्वतंत्र भाग आहे. अर्ज भरताना तो भाग शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

दुसरी मर्यादा गुणात्मक पद्धतीशी संबंधित आहे. समितीला अंतिम प्रश्नावली हवी असते, तर मुक्त मुलाखतीत प्रश्न क्षेत्रकार्यात घडत जातात. यावर उपाय म्हणून विषयांची शीर्षके, प्रत्येकाखाली नमुना प्रश्न आणि जे विषय संशोधक स्वतःहून काढणार नाही त्यांची यादी जोडता येते. पतीकडून होणारी मारहाण हा असा विषय असू शकतो. स्त्रीने तो काढला तर ऐकावयाचा, पण विचारावयाचा नाही. या चौकटीबाहेर जावयाचे झाल्यास दुरुस्तीचा अर्ज करणे आवश्यक राहते.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. समिती कागदाला मंजुरी देते. गावातील ओसरीवर प्रत्यक्षात काय घडते, ते ती पाहत नाही. उत्तम माहितीपत्रक घाईघाईने वाचून दाखविले जाऊ शकते. म्हणून मुलाखतकारांचे प्रशिक्षण किती दिवसांचे, संमतीच्या प्रक्रियेची तपासणी कोण करणार आणि किती स्त्रियांनी नकार दिला याची नोंद कशी ठेवणार, हे पद्धतीच्या भागात लिहिले पाहिजे. साठही स्त्रियांनी होकार दिला आणि एकीनेही नकार दिला नाही, अशी नोंद आल्यास ती यशाची खूण न मानता प्रक्रियेत कोठेतरी दबाव आहे काय हे तपासावे लागते.

समारोप :

प्रस्तावातील त्या एका वाक्याचे रूपांतरानंतरचे स्वरूप असे राहते : ‘हंगामोत्तर काळात मूळ गावी, खुल्या बैठकीनंतर स्वतःहून संपर्क साधणाऱ्या, 18 वर्षांवरील व शस्त्रक्रिया झालेल्या कमाल 60 महिलांच्या मुलाखती, निःपक्ष साक्षीदारासमोर घेतलेल्या संमतीनंतर व त्यांनी निवडलेल्या जागी घेण्यात येतील, निवडीच्या कोणत्याही टप्प्यावर मुकादम वा कारखाना यांचा सहभाग राहणार नाही.’ स्थळ, काळ, निवडीची पद्धत, संख्येचा अर्थ आणि एक उद्दिष्ट एवढे बदलले. हे सर्व बदल अर्जाच्या तिसऱ्या विभागातून आले, विषयतज्ज्ञांच्या चर्चेतून आले नाहीत.

यावरून प्रस्ताव-लेखनाच्या अध्यापनासंबंधी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. मानवी सहभाग असलेल्या आरोग्यविषयक संशोधनात संमती, धोका व गोपनीयता यांचे प्रश्न विषयमान्यतेनंतर अर्ज भरताना प्रथमच उपस्थित होतात. तोवर नमुना ठरलेला असतो, वेळापत्रक सादर झालेले असते आणि बदल अडचणीचे होतात. हेच प्रश्न नमुना निवडीचे वाक्य लिहितानाच विचारले गेले, तर रूपांतराचे काम बरेचसे आपोआप होते. वर उल्लेखिलेल्या प्रस्तावात हा प्रश्न अगदी साधा होता : ती स्त्री ‘नाही’ म्हणाली, तर ते कोणाकोणाला कळेल आणि त्याची किंमत तिला द्यावी लागेल काय?